लिंबू चोळल्यावर रस जास्त का निघतो, आणि लिंबं महिनाभर ताजी कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं आपल्या बाजारातल्या कागदी लिंबाबद्दल आहेत: पातळ सालीचं, गोलसर, साधारण 35 ते 50 ग्रॅम वजनाचं. ईडलिंबू, गलगल किंवा परदेशातली जाड सालीची मोठी पिवळी लिंबं वेगळी वागतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

लिंबू ओट्यावर चोळल्याने त्यातला रस वाढतो का?

नाही. लिंबात जेवढा रस आहे तेवढाच राहतो. चांगल्या कागदी लिंबाच्या वजनाचा साधारण 40 ते 50 टक्के भाग रस असतो, म्हणजे 40 ग्रॅमच्या लिंबात 16 ते 20 मिली. चोळल्याने किंवा कोमट केल्याने एवढंच होतं की यातला जास्त भाग आपल्या हाताच्या जोराने बाहेर येतो आणि सालीत कमी अडकून राहतो. त्यामुळे ज्याच्या हातात जोर कमी आहे, किंवा जो पिळणीशिवाय नुसत्या बोटांनी पिळतो, त्याला फरक मोठा जाणवतो. लोखंडी दट्ट्याच्या मशीनवर सरबत करणाऱ्याला तो जवळजवळ जाणवतच नाही, कारण तिथे जोर एवढा असतो की आतलं सगळं तसंही फुटतं.

मग चोळताना आत नेमकं काय होतं?

लिंबू आडवं कापून नीट पाहिलं की दिसतं. बाहेर तेलाच्या बारीक ग्रंथी असलेली साल. तिच्या आत पांढरा, मऊ थर. त्याच्या आत आठ ते बारा फोडी, आणि प्रत्येक फोडीभोवती चिवट पापुद्रा. फोडीच्या आत रस मोकळा नसतो. तो शेकडो लांबट, टोकदार पिशव्यांमध्ये भरलेला असतो आणि प्रत्येक पिशवीला स्वतःची पातळ भिंत असते. म्हणजे रस बाहेर यायचा तर आधी पिशवी फुटली पाहिजे, मग फोडीचा पापुद्रा फाटला पाहिजे.

न चोळलेलं लिंबू कापून पिळलं तर बोटांचा निम्मा जोर साल वाकवण्यात जातो. उरलेल्या जोराने सुरीने कापल्या गेलेल्या पिशव्या आणि त्यांच्या शेजारच्या तेवढ्या रिकाम्या होतात. टोकाकडच्या पिशव्या शाबूत राहतात. पिळून टाकलेली साल पुन्हा उलटी करून पाहा, देठाकडच्या बाजूला भरलेल्या पिशव्या दिसतील. चोळताना आपण हे फोडण्याचं काम पिळण्याआधीच, तळहाताच्या आणि खांद्याच्या जोराने करून घेतो. मग कापल्यावर रस फोडीत मोकळा असतो आणि थोड्या दाबानेही बाहेर येतो. साल आणि पांढरा थरही वाकून वाकून सैल झालेले असतात.

आणि कोमट केल्याने?

फ्रीजमधून काढलेल्या लिंबाची साल ताठ असते, फोडींचे पापुद्रेही ताठ असतात. बोटांनी दाबलं तर ते वाकण्याऐवजी प्रतिकार करतात. 35 ते 40 अंशांपर्यंत आणलं की तेच पापुद्रे लवचीक होतात आणि तेवढ्याच दाबात जास्त आत जातात.

रस गार असताना घट्ट असतो आणि गरम झाल्यावर पातळ होतो, हेही कारण दिलं जातं. ते खोटं नाही. पाण्याचा वाहण्याला होणारा विरोध 5 अंशांवर जितका असतो, त्याच्या निम्म्याहून कमी 40 अंशांवर असतो. पण लिंबाचा रस गार असतानाही काही काकवीसारखा नसतो. खरा अडथळा भिंतींचा आहे, रसाच्या घट्टपणाचा नाही. म्हणूनच नुसतं गरम करून न चोळता पिळलं तर अर्धाच फायदा मिळतो.

किती गरम करायचं, आणि कसं?

सगळ्यात भरवशाची पद्धत कोमट पाण्याची. हाताला चांगलं ऊन लागेल पण चटका बसणार नाही असं पाणी घ्या, साधारण 45 अंश. लिंबं त्यात बुडतील एवढं पातेलं हवं, आणि वेळ दहा मिनिटं. वेळ महत्त्वाचा आहे, कारण उष्णता सालीतून मध्यापर्यंत सावकाश जाते. चार सेंटिमीटर व्यासाचं फ्रीजमधलं लिंबू असं दहा मिनिटं ठेवलं की मध्यभाग साधारण 35 अंशांच्या आसपास येतो. दोन मिनिटांत काढलं तर साल ऊन आणि आतून गार, असं होतं. लिंबं जास्त असतील तर पाणी भरपूर घ्या, नाहीतर तेच लिंबांमुळे निवतं.

उकळतं पाणी ओतू नका. त्याने साल शिजते, तिच्यातलं तेल सुटून रसाला सालीचा उग्र वास येतो, आणि मध्य तरीही गारच राहतो.

मायक्रोवेव्हमध्ये एका लिंबाला 10 ते 12 सेकंद पुरतात, दोन असतील तर 15 ते 20. त्यात उष्णता एकसारखी पसरत नाही, म्हणून काढल्यावर मिनिटभर तसंच ठेवा आणि मग चोळा. जास्त वेळ ठेवलं तर आत वाफ कोंडते, साल फुटते आणि उकळता रस हातावर उडतो. काढलेलं लिंबू हातात धरवत नसेल तर ते जास्त झालं असं समजा.

मे महिन्यात यातलं काहीच करायची गरज नाही. स्वयंपाकाला लागताना लिंबू फ्रीजमधून काढून खिडकीत ठेवा, भात होईपर्यंत त्याचा गारवा आपोआप जातो. डिसेंबरात मात्र, विशेषतः देशावरच्या थंडीत, ओट्यावर ठेवलेलं लिंबूही गारच असतं आणि पाण्याचा उपयोग होतो.

चोळायचं कसं, आणि किती वेळ?

लिंबू ओट्यावर ठेवा, वर तळहात सपाट ठेवा आणि खांद्यातून वजन टाकत पुढेमागे फिरवा. बोटांनी दाबू नका, एका जागी दाब पडून साल फाटते. एका दिशेने पाच-सहा वेळा झालं की लिंबू 90 अंशांत वळवा आणि पुन्हा तेच करा, म्हणजे देठाकडचा आणि टोकाकडचा भागही दबतो. एवढ्याला पंधरा सेकंद पुरतात. झालं की नाही हे हातालाच कळतं: आधी घट्ट लागणारं लिंबू एकदम सैल, किंचित लिबलिबीत लागतं, आणि कधी आत बारीक फुटल्याचा आवाजही येतो.

साल ओलसर चिकट लागली आणि वास जोरात आला तर सालीतलं तेल सुटू लागलं आहे. तिथेच थांबा.

आधी गरम करायचं की आधी चोळायचं?

आधी गरम. गार, ताठ साल चोळताना चिरते, आणि पाण्यात टाकल्यावर त्या चिरेतून रस पाण्यात जातो.

आठवड्याची सगळी लिंबं एकदम चोळून ठेवली तर चालतील का?

नाही, आणि ही चूक बऱ्याच घरांत होते. चोळलेल्या लिंबात आतल्या पिशव्या फुटलेल्या असतात आणि सालीतल्या तेलाच्या ग्रंथीही थोड्या फुटतात. हे तेल सालीच्या पेशींनाच जाळतं. एक-दोन दिवसांत तिथे तपकिरी, खोलगट डाग पडतात आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. लिंबू पिळायला पाच मिनिटं उरली की चोळा, त्याहून आधी नको.

याच कारणाने बागेतही पहाटे, दव असताना लिंबं उतरवत नाहीत. साल तेव्हा पाण्याने टम्म भरलेली असते आणि नुसत्या हाताळण्यानेही तेल सुटतं.

लिंबू कापायचं कसं? उभं की आडवं?

चोळण्याइतकाच फरक कापण्याने पडतो, पण याकडे कुणी फारसं पाहत नाही.

देठापासून टोकापर्यंत उभं, बरोबर मधून कापलं तर सुरी फक्त दोन-तीन फोडींतून जाते. बाकीच्या फोडी आपापल्या पापुद्र्यात बंदच राहतात, आणि मधला चिवट पांढरा दांडा दोन्ही अर्धांत येऊन पिळायला आडवा येतो. ताटात वाढायला अशी उभी फोड दिसायला बरी आणि धरायलाही सोयीची, पण रसासाठी ती सगळ्यात वाईट.

आडवं कापलं, म्हणजे देठ एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला ठेवून मधून, तर प्रत्येक फोड उघडते. पिळणीसाठी असंच कापा.

हातानेच पिळायचं असेल तर आणखी एक रीत चांगली आहे. लिंबू उभं धरा आणि मधल्या दांड्याच्या बाजूने, म्हणजे मध्यापासून साधारण अर्धा सेंटिमीटर दूर, एक गाल कापून काढा. मग वळवून तसेच आणखी दोन किंवा तीन गाल. शेवटी हातात दांडा आणि बहुतेक बिया राहतात. हे गाल चिमटीत धरून पिळले की रस पूर्ण निघतो आणि बिया वरणात पडत नाहीत. दांड्याला चिकटलेला रस शेवटी चटणीत पिळून टाकता येतो.

पिळणीत अर्धं लिंबू कोणत्या बाजूने ठेवायचं?

दोन वाट्यांच्या, दांडीच्या पिळणीत कापलेली बाजू खाली, छिद्रांकडे. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण खालच्या वाटीचा आकार लिंबाच्या सालीशी जुळतो असं दिसतं. पण वरची वाटी साल आतून बाहेर उलटी करते आणि रस सरळ छिद्रांवर दाबला जातो. साल खाली ठेवली तर रस वर येऊन कडेने उडतो आणि डोळ्यात जातो.

अॅल्युमिनियमची पिळणी असेल तर काम होताच धुवा. लिंबाचा रस बराच आम्लधर्मी असतो. रात्रभर रस लागून राहिला की पिळणीवर काळे-पांढरे डाग पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या रसाला धातूची चव येते. स्टीलची पिळणी घेतली तर हा प्रश्नच राहत नाही.

हे सगळं खरंच उपयोगी आहे का, घरी कसं तपासायचं?

एक लिंबू चोळून आणि एक न चोळता पिळून काही कळत नाही. शेजारशेजारच्या दोन लिंबांतही रस एवढा कमी-जास्त असतो की चोळण्याचा फरक त्यात लपून जातो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एकाच पोत्यातली, साधारण सारख्या आकाराची आणि रंगाची दहा लिंबं निवडा आणि पाच-पाचचे दोन गट असे करा की दोन्हींचं एकूण वजन जवळपास सारखं होईल. एक गट फ्रीजमधून काढून सरळ कापून पिळा. दुसरा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, चोळून, तसाच कापून, त्याच हाताने पिळा. दोन्ही वेळा रस गाळून त्याचं वजन करा आणि लिंबांच्या वजनाने भागा.

समजा, दोन्ही गट 200 ग्रॅमचे आहेत आणि पहिल्यातून 70 ग्रॅम रस आला. म्हणजे 35 टक्के, आणि आणखी 10-30 ग्रॅम सालीत अडकला असण्याची शक्यता आहे. हे खरं आहे का ते पाहायला पहिल्या गटाच्या पिळलेल्या साली दांडीच्या पिळणीत जोर लावून पुन्हा दाबा. तिथून बराच रस आला तर तुमचा हात कमी पडत होता, आणि चोळण्याचा तुम्हाला फायदा आहे. काहीच आलं नाही तर तुमची पिळण्याची रीतच चांगली आहे, चोळण्यावर वेळ घालवू नका.

शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं की सरबत कडू का होतं?

दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं लगेच जाणवतं: साल फार दाबली की तिचं तेल रसात उतरतं आणि जिभेला झणझणीत, कडवट लागतं. दुसरं काही तासांनी जाणवतं. बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, जो सुरुवातीला कडू नसतो. आम्लाच्या रसात पडल्यावर तो हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. म्हणून सकाळी गोड लागलेलं सरबत संध्याकाळी कडू लागतं. पिळताच गाळा, बिया रसात राहू देऊ नका, आणि ठेवायच्या सरबतासाठी साली दुसऱ्यांदा दाबू नका.

बाजारात रसाळ लिंबू कसं ओळखायचं?

दोन सारख्या आकाराची लिंबं दोन हातांत घ्या, जड असेल ते उचला. साल गुळगुळीत, चकचकीत आणि पातळ हवी. खडबडीत, मोठ्या छिद्रांची साल बहुतेक वेळा जाड असते. हिरवट-पिवळं, दाबल्यावर किंचित दबणारं लिंबू आजच्या सरबताला उत्तम. गडद हिरवं, घट्ट लिंबू झाडावरून लवकर उतरवलेलं असतं. उन्हाळ्यात भाव चढले की अशी कोवळी लिंबं जास्त दिसतात. ती घरी ठेवून पिवळी होतात, पण त्यांच्यात रस वाढत नाही, कारण लिंबू आंब्यासारखं अढीत पिकत नाही. पिवळेपणा म्हणजे फक्त सालीचा हिरवा रंग गेला.

फ्रीजमध्ये ठेवूनही लिंबं आठवड्यात दगडासारखी का होतात?

कारण फ्रीज थंड असतो तसा कोरडाही असतो. बिनबर्फाच्या फ्रीजमध्ये तर जास्तच: हवेतला ओलावा आतल्या थंड नळ्यांवर जमतो, वितळून बाहेर जातो आणि आतली हवा सतत कोरडी होत राहते. दारात किंवा जाळीवर उघडी ठेवलेली लिंबं या हवेला पाणी देत राहतात.

पाणी आधी जातं ते सालीतून आणि पांढऱ्या थरातून. साल सुकते, आकसते आणि चामड्यासारखी कडक होते. आत रस बराच शाबूत असतो, पण कडक साल वाकत नाही म्हणून तो पिळून निघत नाही आणि आपल्याला वाटतं की लिंबू आटलं. पुढे आणखी आठवडा-दोन आठवडे गेले की मग रसाच्या पिशव्याही खरोखर सुकतात. म्हणजे साठवण्यात सांभाळायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे सालीतलं पाणी. बाकीच्या युक्त्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

दोन किलो लिंबं स्वस्तात मिळाली. महिनाभर टिकवायची तर काय करू?

दोन किलो म्हणजे 40 ग्रॅमची साधारण 50 लिंबं. घरात रोज दोन लागत असतील तर 25 दिवसांचा साठा.

घरी आल्यावर सगळी लिंबं कोरड्या कापडावर पसरा आणि तीन ढीग करा. चिरलेली, मऊ डाग असलेली, देठाची जागा उघडी पडून खड्डा झालेली लिंबं एकीकडे. ही टिकणार नाहीत, त्यांचा आजच रस काढा. पिवळी, पातळ सालीची दुसरीकडे, ती पहिल्या दहा-बारा दिवसांत वापरायची. घट्ट, हिरवट, देठाचा छोटा बुंधा अजून चिकटलेली लिंबं तिसऱ्या ढिगात. तो बुंधा ओढून काढू नका, तो बुचासारखा आतली वाट बंद ठेवतो.

दुसरा आणि तिसरा ढीग कोरड्या कापडाने पुसा आणि ताटात उघडे दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. उन्हात तापून आलेली लिंबं सरळ डब्यात बंद केली तर आत पाण्याचे थेंब जमतात, आणि थेंब म्हणजे बुरशीला आमंत्रण. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला सुती कापड किंवा कोरा टिशू कागद घाला, लिंबं दोनपेक्षा जास्त थरांत रचू नका, वर पुन्हा कापड आणि झाकण. डबा नसेल तर झिपची पिशवी हवा काढून चालते. डबा भाजीच्या कप्प्यात ठेवा, वरच्या थंड जाळीवर नको.

दर आठवड्याला डबा उघडा. झाकणावर थेंब दिसले तर पुसा, कापड ओलं असेल तर बदला, एखादं लिंबू मऊ पडलं असेल तर काढा. एवढं केलं की तिसऱ्या ढिगातली बहुतेक लिंबं तीन-चार आठवडे पिळायला मऊ राहतात. डब्यात केळं, सफरचंद किंवा पिकता आंबा ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने लिंबं लवकर पिवळी पडतात आणि देठाकडून सडू लागतात.

ठेवण्याआधी लिंबं धुवावीत का?

शक्यतो नाही, वापरताना धुवा. धुवायचीच असतील तर पुसून पंख्याखाली तासभर वाळवा. देठाच्या खळग्यात पाणी राहतं आणि सड तिथूनच सुरू होते.

बरणीत पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती चालते का?

साल सुकू न देण्यापुरती चालते, कारण पाण्यात बुडालेल्या लिंबातून पाणी उडून जाणारच नाही. पण तिला मर्यादा आहेत. लिंबू तोडल्यावरही श्वास घेतं, आणि पाण्याखाली त्याला हवा कमी मिळते. फार दिवसांनी रसाला शिळकट, आंबूस वास येऊ शकतो. साल पाणी पिऊन फुगते आणि एका लिंबाची सड पाण्यातून सगळ्यांना लागते. ही रीत वापरायची असेल तर बिनडागाची लिंबं घ्या, बरणी फ्रीजमध्येच ठेवा आणि पाणी तीन-चार दिवसांनी बदला. आमच्या मते कोरडा बंद डबा तेवढंच काम करतो आणि त्याला एवढी देखभाल लागत नाही.

तेल लावून किंवा कागदात गुंडाळून?

तेलाचा पातळ हात फिरवला तर सालीतून पाणी कमी उडतं, बागायतदार मेणाचा लेप देतात त्याच तत्त्वावर. एका किलोला अर्धा चमचा तेल पुष्कळ झालं. दोन्ही तळहातांना लावून लिंबं त्यांत फिरवा. जाड थर दिला तर लिंबू गुदमरतं आणि साल चिकट होते. पिळण्याआधी मात्र ही लिंबं धुवावी लागतात, नाहीतर सरबतावर तेलाचा तवंग येतो.

कागदात प्रत्येक लिंबू वेगळं गुंडाळण्याचा खरा फायदा हा की एक सडलं तरी शेजारच्याला लागत नाही. छापील वर्तमानपत्र नको, शाई सालीला लागते. कोरा कागद किंवा टिशू वापरा. नुसता कागद सालीचं पाणी अडवत नाही, म्हणून गुंडाळलेली लिंबंही डब्यातच हवीत.

फ्रीज नसेल तर?

तीन-चार आठवड्यांची अपेक्षा सोडा, पण दहा-पंधरा दिवस जमतात. रुंद तोंडाच्या माठात तळाशी ओली वाळू, तिच्यावर जाळी किंवा काठ्या, वर लिंबं, आणि तोंडावर ओलं कापड. लिंबांना पाणी लागू द्यायचं नाही, फक्त गारवा आणि दमट हवा द्यायची. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं चालतं. कोकण-गोव्यात पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, तिथे माठ गार होत नाही आणि बुरशी लवकर धरते. तिथे टोपलीत पसरून, हवेशीर जागी ठेवलेली बरी.

सालीवर तपकिरी खड्डे पडले. लिंबू खराब झालं का?

कोरडे, थोडे खोलगट, तपकिरी डाग बहुतेक वेळा थंडीने पडतात. लिंबू उष्ण प्रदेशाचं फळ आहे, शीतगृहातही ते 9-10 अंशांवर ठेवतात. घरचा फ्रीज 4-5 अंशांवर असतो, आणि काही आठवड्यांनी साल ते दाखवते. कापून पाहा: आतल्या फोडी स्वच्छ असतील तर रस वापरायला हरकत नाही. फक्त साल किसून वापरू नका आणि लोणच्याला घेऊ नका.

ओला, पाणथळ, बोट आत जाणारा डाग मात्र वेगळा. त्यावर आधी पांढरी लव येते आणि मग हिरवी भुकटी. ही लिंबाची नेहमीची हिरवी बुरशी. बाकी भाग चांगला दिसला तरी ते लिंबू टाका. शेजारची लिंबं धुवून पूर्ण वाळवा, डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. भुकटी झटकू नका, पिशवीत बांधूनच टाका.

रस किंवा लिंबं फ्रीझरमध्ये ठेवता येतात का?

रस उत्तम राहतो. गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. साधारण 15 मिलीचा एक खडा म्हणजे एका लिंबाचा रस, असा हिशोब सोपा जातो. गोठले की खडे झिपच्या पिशवीत काढा, नाहीतर फ्रीझरचा वास लागतो. काचेची बाटली भरत असाल तर वर बोटभर जागा सोडा, गोठताना रस फुगतो. नुसता फ्रीजमध्ये ठेवलेला रस तीन-चार दिवस चवीला बरा, पुढे तपकिरी आणि कडवट होत जातो. कापलेलं अर्धं लिंबू छोट्या डबीत कापलेली बाजू खाली करून ठेवा आणि तेवढ्याच दिवसांत संपवा.

अख्खं लिंबूही गोठवता येतं. आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ते रसाच्या पिशव्या फोडतात, म्हणजे चोळण्याचं काम थंडीच करते. निवळल्यावर ते लिबलिबीत होतं आणि दोन बोटांत पिळलं जातं. निवळलं की त्याच दिवशी वापरा, साल बाकी कशालाही कामाची राहत नाही.

अमेरिकेत राहतो. इथल्या बिनबियांच्या हिरव्या लिंबांना हेच लागू आहे का?

मोठ्या, बिनबियांच्या पर्शियन लिंबाची साल कागदी लिंबापेक्षा जाड असते आणि दुकानात येताना त्यावर सहसा मेणाचा लेप असतो, त्यामुळे ते जास्त टिकतं. कोमट पाण्यात मात्र त्याला दहाऐवजी पंधरा मिनिटं द्या, कारण उष्णतेला मध्यापर्यंत जायला अंतर जास्त आहे. चवीला आपल्या लिंबाच्या जवळचं हवं असेल तर 'की लाइम' नावाने छोटी लिंबं मिळतात. ते आपलं कागदी लिंबूच. त्याची साल पातळ असते, म्हणून ते डब्यात बंद करूनच ठेवा.

दगड झालेली लिंबं वाचवता येतील का?

आधी हातात घेऊन वजन पाहा. आकाराच्या मानाने जड लागलं तर आत रस आहे, फक्त साल सुकली आहे. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी निवलं तर एकदा बदला. साल पाणी ओढून घेते आणि पुन्हा वाकू लागते. मग हळूहळू, जोर वाढवत चोळा, आडवं कापा आणि पिळणीत दाबा. पाण्याने रस वाढलेला नसतो, आतला तेवढाच बाहेर येतो.

हलकं लागलं, हलवल्यावर पोकळ वाटलं, आणि कापल्यावर फोडी पांढुरक्या, दाणेदार दिसल्या तर पिशव्याच सुकल्या आहेत. त्याचा रस काढायच्या मागे लागू नका. अर्धं करून मिठासोबत तांब्याची भांडी घासायला ठेवा.